'करण्यात आले' म्हणजे नक्की कोणी केले? घटना-अहवालातली वाक्यं दुरुस्त करण्याची पद्धत

घटना-अहवाल लिहायची पहिली वेळ माझ्यावर आली तेव्हा मी लिहिलं होतं, "टाकीचे झाकण उघडे राहिल्याने द्रव बाहेर सांडला." व्याकरणात काही खोट नव्हती. फक्त झाकण मीच उघडं ठेवलं होतं. नमुना घ्यायला वर चढलो, खालून कोणीतरी हाक मारली म्हणून उतरलो आणि परत वर गेलोच नाही. अहवाल वाचून आमच्या वरिष्ठांनी एवढंच विचारलं, "झाकण स्वतःहून उघडं राहिलं का?"

तेव्हापासून असे अहवाल मी लिहिलेही आणि त्याहून जास्त दुरुस्त केले. हा लेख दुरुस्तीबद्दल आहे. दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला अहवाल तुमच्या टेबलावर आला आहे, त्यात 'करण्यात आले', 'राहून गेले', 'दुर्लक्ष झाले' भरून आहे, आणि तो वर पाठवण्याआधी कोणी काय केलं हे तुम्हाला खरंखरं मांडायचं आहे, असं धरून चला.

आधी एक गैरसमज दूर करतो. 'कर्मणी प्रयोग टाळा' हा सल्ला मराठीत फारसा कामाचा नाही. "फिटरने गार्ड काढला", म्हणजे मशीनवरचं संरक्षक झाकण काढलं, हा शाळेत शिकलेला कर्मणी प्रयोगच आहे, आणि त्यात कर्ता ढळढळीत समोर उभा आहे. उलट "गार्ड निघाला" हा कर्तरी प्रयोग, पण त्यात माणूस गायब. तेव्हा प्रयोग ओळखत बसू नका, माणूस कुठे गेला ते शोधा.

काय काय जवळ हवं

- मूळ अहवालाची प्रत (मूळ कागद नव्हे)
- घटनेत असलेल्या प्रत्येकाचा जबाब, त्यांच्याच शब्दांत आणि सहीसकट
- त्या दिवसाचं मस्टर आणि पाळी बदलतानाचं हँडओव्हर रजिस्टर
- मशीनच्या पॅनलमधली बंद-चालूची नोंद, असल्यास कॅमेऱ्याचं चित्रण
- वर्क परमिट, आणि त्या कामासाठी लागू असलेली लेखी सूचना
- दोन रंगांची पेनं

सरकारदरबारी ठरलेल्या नमुन्यात जी माहिती जाते ती वेगळी. तिची भाषा आणि मुदत कायद्याने बांधलेली असते, तिथे आपल्या मनाने काही करू नका. इथे बोलतोय ते कंपनीतल्या अंतर्गत अहवालाबद्दल.

हातात आलेला अहवाल

एक अहवाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

> दि. १२ रोजी दुपारी ३.१० च्या सुमारास पॅकिंग विभागातील कन्व्हेअर क्र. २ ची दुरुस्ती करून मशीन सुरू करण्यात आले. त्यावेळी गार्ड बसवायचा राहून गेला होता. सफाई करताना हेल्परचा हात रोलरमध्ये गेला व दोन बोटांना दुखापत झाली. सुरक्षा सूचनांचे पालन न झाल्याने सदर घटना घडली. संबंधितांना समज देण्यात आली आहे. भविष्यात योग्य ती काळजी घेतली जाईल.

सहा वाक्यं आहेत. त्यात माणसं किती ते मोजा. एक, हेल्पर. ज्याची बोटं चिरडली तोच तेवढा अहवालात दिसतो, बाकी सगळे 'संबंधित'. असा अहवाल वर गेला की वाचणाऱ्याच्या डोक्यात आपोआप एकच चित्र तयार होतं: हेल्परने हात घातला. लिहिणाऱ्याने त्याला दोषी म्हटलेलं नाही, पण पानावर दुसरं कोणी ठेवलेलंही नाही.

## १. मूळ कागदाला हात लावू नका

पहिला अहवाल हासुद्धा पुरावा असतो. त्यावर खाडाखोड केली तर उद्या "आधी काय लिहिलं होतं?" या प्रश्नाला उत्तर उरत नाही. प्रत काढा, काम प्रतीवर करा. नव्या मजकुरावर 'सुधारित', तारीख आणि तुमची सही घाला आणि मूळ अहवाल त्याला मागे जोडा.

जबाबांच्या बाबतीत तर नियम आणखी कडक आहे. फिटरने जबाबात "गार्ड राहून गेला" असं म्हटलं असेल तर ते तसंच राहणार. ते त्याचे शब्द आहेत. तुम्ही दुरुस्त करताय तो अहवाल, साक्ष नव्हे. शंका असेल तर त्याला पुन्हा विचारा आणि पुरवणी जबाब घ्या.

## २. क्रियापदांखाली रेघ मारा आणि प्रत्येकाला प्रश्न विचारा

पेन घेऊन प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. 'न झाल्याने', 'करून', 'करताना', 'काढलेला' ही अर्धी-मुर्धी रूपंही सोडू नका, कारण माणसं बहुतेक तिथेच लपतात.

'करण्यात आले', 'घेतली जाईल' अशी रूपं ओळखणं सोपं आहे. तिथे सरळ "कोणी?" विचारायचं. अवघड असतात ती साधी दिसणारी क्रियापदं. मराठीत बऱ्याच क्रियापदांची जोडी असते: तुटला आणि तोडला, सुटला आणि सोडला, पडला आणि पाडला, निघाला आणि काढला. दुसऱ्या शब्दाला करणारा माणूस लागतो, पहिल्याला लागत नाही. अहवाल लिहिताना हात आपसूक पहिल्याकडे जातो. 'होणे' आणि 'करणे' ही यातली सगळ्यात मोठी जोडी. बंद झाले, सुरू झाले, दुर्लक्ष झाले, विलंब झाला. काही क्रियापदं तर दोन्ही कामं करतात. "दार उघडलं" यात दार वाऱ्याने उघडलं की कोणी उघडलं, हे शब्दावरून कळतच नाही. 'सांडलं'चंही तेच.

अशा ठिकाणी मी क्रियापदाच्या आधी 'आपोआप' घालून वाक्य मोठ्याने वाचतो. "बेअरिंग आपोआप तुटले." शक्य आहे, झिजून तुटलं असेल, वाक्य राहू दे. "मशीन आपोआप सुरू झाले." कंट्रोल सर्किटमध्ये बिघाड असेल तरच खरं, नाहीतर कोणीतरी बटण दाबलं आहे. "गार्ड आपोआप निघाला." चार बोल्टचा गार्ड होता. चार बोल्ट आपोआप निघत नाहीत.

आपल्या अहवालात रेघा मारल्यावर अशी यादी तयार झाली: दुरुस्ती करून (कोणी?), सुरू करण्यात आले (कोणी?), बसवायचा राहून गेला (कोणी बसवायचा होता?), सफाई करताना (कोणाच्या सांगण्यावरून?), हात गेला (कसा?), पालन न झाल्याने (कोणती सूचना, कोणी पाळायची होती?), समज देण्यात आली (कोणी, कोणाला?), काळजी घेतली जाईल (कोण घेणार?).

## ३. 'करून' फोडा

या पायरीवर सावकाश चला. मराठी अहवालात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि तो पटकन दिसत नाही.

'-ऊन' लावलेलं क्रियापद आणि वाक्याचं मुख्य क्रियापद यांचा कर्ता सहसा एकच असतो. "तिने हात धुऊन मशीन सुरू केलं" म्हटलं की हात धुणारी आणि मशीन सुरू करणारी एकच बाई. पण मुख्य क्रियापद 'करण्यात आले' झालं की हा लगाम सुटतो. "दुरुस्ती करून मशीन सुरू करण्यात आले." वाचताना वाटतं, एका माणसाने दुरुस्ती संपवली आणि त्यानेच मशीन सुरू केलं.

खरं काय होतं? दोन माणसं होती, दोन पाळ्यांमधली. पहिल्या पाळीचा फिटर पट्टा ताणत होता. मागच्या रोलरचा गार्ड त्याने काढून ठेवला, एक बोल्ट खराब निघाला म्हणून तो स्टोअरला गेला. तेवढ्यात पाळी बदलली. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला लाइन बंद दिसली, त्याने ती सुरू केली. म्हणजे 'दुरुस्ती करून' हेही खोटं, कारण दुरुस्ती संपलीच नव्हती. एका प्रत्ययाने दोन माणसांचा एक माणूस केला आणि अर्धवट काम पूर्ण करून टाकलं.

तेव्हा '-ऊन' दिसला की वाक्य तोडा. प्रत्येक कृतीला वेगळं वाक्य, प्रत्येक वाक्याला कर्ता आणि शक्य असेल तर वेळ. वाक्यं तुटक वाटतील, वाटू द्या. जोडायचीच असतील तर कर्ता एकच आहे याची खात्री झाल्यावर जोडा.

## ४. माणूस पुराव्यातून आणा, अंदाजातून नाही

आता रिकाम्या जागा भरायच्या. नवीन माणूस इथे हमखास एक चूक करतो. 'कोणी?' हा प्रश्न डोक्यात बसलेला असतो, उत्तर सोपं वाटतं आणि तो लिहून मोकळा होतो. गार्ड आहे म्हणजे फिटरने काढला असणार. लाइन आहे म्हणजे ऑपरेटरने सुरू केली असणार. 'असणार' हा शब्द मनात आला की पेन खाली ठेवा. चुकीच्या माणसाचं नाव घातलेलं वाक्य 'करण्यात आले'पेक्षा कितीतरी वाईट.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते कशावरून लिहिलं हे कंसात टाकायची सवय लावून घ्या. आणि कुठला पुरावा काय सांगू शकतो तेही तपासा. आमच्या पॅनलमध्ये नोंद होती: २.३५ ला बंद, ३.०६ ला चालू. यावरून वेळ कळते, हात कोणाचा ते कळत नाही. हात कळला ऑपरेटरच्या जबाबावरून, आणि मस्टरवरून हे पटलं की ३.०६ ला लाइन २ वर तोच हजर होता. म्हणून कंसात दोन्ही आलं.

मूळ अहवालात ३.१० ला 'मशीन सुरू करण्यात आले' असं होतं. पॅनल म्हणतं ३.०६. ३.१० ही दुखापतीची वेळ होती. लिहिणाऱ्याने सगळं एका वाक्यात कोंबल्यामुळे चार मिनिटं गायब झाली. आणि हेल्पर त्या चार मिनिटांतच चालू लाइनजवळ गेला होता.

लोकांना विचारतानाही क्रियापद जपून वापरा. "गार्ड कसा राहिला?" विचारलंत तर "राहिला" असंच उत्तर मिळेल. "गार्ड तुम्ही किती वाजता काढला? काढून कुठे ठेवला? नंतर काय केलंत?" असं विचारा. माणूस कृती सांगायला लागतो. दम देणाऱ्या आवाजात विचारू नका. घाबरलेला माणूस लगेच 'आमच्याकडून झालं'वर येतो, आणि त्या 'आमच्या'त कोण कोण आहे ते मग शेवटपर्यंत कळत नाही.

## ५. जे केलं नाही ते लिहिताना दोनदा थांबा

"गार्ड बसवायचा राहून गेला होता." हे वाक्य मला फार शिकवून गेलं. माझी पहिली दुरुस्ती होती: "फिटरने गार्ड बसवला नाही." कर्ता आला, वाक्य सरळ झालं, मी खूश. पण फिटरचा जबाब पुन्हा वाचला तेव्हा कळलं की हेही चूक आहे. त्याचं काम चालू होतं. त्या क्षणी गार्ड बसवलेला नसणं हे बरोबरच होतं, पट्टा ताणताना गार्ड लावून चालत नाही. 'राहून गेला' या शब्दांनी काम संपलं आणि एक गोष्ट विसरली, अशी कथा तयार केली होती. मी त्या खोट्या कथेला फक्त एक माणूस चिकटवला होता.

खरी न केलेली कामं वेगळी होती. त्याने आयसोलेटर, म्हणजे मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच, बंद करून त्याला कुलूप लावलं नव्हतं, 'काम चालू' असा फलक लावला नव्हता आणि जाताना कोणाला सांगितलं नव्हतं. दोन्हींतला फरक उपायात दिसतो. 'गार्ड राहून गेला' मानलं तर उपाय म्हणून गार्ड तपासायची आणखी एक यादी निघते. 'कुलूप नव्हतं, निरोप नव्हता' हे कळलं तर कुलपं येतात आणि हँडओव्हर सुधारतो.

म्हणून 'नाही' असलेल्या प्रत्येक वाक्यासाठी दोन गोष्टी हातात हव्यात. एक, ते काम त्याच माणसाने करायचं होतं हे कुठे लिहिलं आहे? दोन, ते करायला त्याला साधन होतं का? "सुरक्षा सूचनांचे पालन न झाल्याने" या वाक्याला हेच लावून पाहा. सूचना सापडली: दुरुस्ती सुरू करण्याआधी फिटरने आयसोलेटर बंद करून कुलूप लावायचं. फिटरला ती माहीत होती, तसं तो म्हणाला. मग का लावलं नाही? विभागाच्या पेटीत दोनच कुलपं होती आणि ती दोन्ही त्या दिवशी लाइन ४ वर लावलेली होती. कुलपांच्या रजिस्टरमध्ये तशी नोंद आहे. आणखी सहा कुलपांचं मागणीपत्र देखभाल प्रमुखांनी आधीच्या महिन्याच्या ३ तारखेला दिलं होतं. त्यावर प्लांट मॅनेजरांची सही नव्हती.

कुलूप नव्हतं म्हणून फिटर सुटत नाही. आयसोलेटर बंद करायला किंवा कोणाला सांगायला कुलूप लागत नाही. पण 'पालन न झाल्याने' या तीन शब्दांत किती माणसं आणि किती कागद दबले होते ते बघा. फिटर आणि प्लांट मॅनेजर, दोघांची वाक्यं स्वतंत्र लिहा, एकाची दुसऱ्याला ढाल होऊ देऊ नका.

## ६. हात 'गेला' नव्हता

"सफाई करताना हेल्परचा हात रोलरमध्ये गेला." हात स्वतःच्या मर्जीने फिरायला जात नाही. इथे तीन कृती एकत्र गुंडाळल्या होत्या.

हेल्परच्या जबाबात होतं की मागच्या रोलरजवळ पॅकिंगची पट्टी अडकली होती आणि ऑपरेटर म्हणाला, "ती पट्टी काढ." ऑपरेटरच्या जबाबात होतं, "मी काढ म्हणालो, पण चालू मशीनवर काढ असं म्हणालो नाही." मशीन थांबवलं नव्हतं यावर दोघांचं एकमत होतं. हेल्परने हात पुढे केला, हातमोजा पट्टा आणि रोलर यांच्यामध्ये ओढला गेला.

शेवटचं 'ओढला गेला' मी मुद्दाम ठेवलं आहे. तिथे ओढणारं यंत्र आहे, लपवलेला माणूस नाही. त्याला उगीच कर्ता शोधायला गेलात तर "हेल्परने हात ओढवून घेतला" असलं भयंकर काहीतरी तयार होतं.

आणि दोन जबाब जुळत नसतील तर न्यायाधीश होऊ नका. दोन्ही लिहा, ज्याचे त्याच्या नावावर. "ऑपरेटरने पट्टी काढण्यास सांगितले (दोघांचे जबाब). मशीन बंद करून काढायची की कसे, याबद्दल काही बोलणे झाले नाही (दोघांचे जबाब)." भांडण वेगळंच वाटत होतं, पण लिहायला बसलो तेव्हा दिसलं की या मुद्द्यावर दोघांचं म्हणणं एकच आहे.

दुसऱ्या एखाद्या घटनेत जिथे खरोखर कळतच नाही तिथे तसंच लिहा: "फलक जागेवरून कोणी हलवला ते समजले नाही, त्या बाजूला कॅमेरा नाही." हे वाक्य अप्रामाणिक नाही. काय शोधलं आणि काय मिळालं नाही, दोन्ही त्यात आहे. 'फलक हलवण्यात आला' यात शोधलं की नाही हेसुद्धा कळत नाही.

## ७. कर्ता आला की विशेषणं बाहेर काढा

कर्ता लिहायला लागल्यावर लोकांना जोर चढतो. "फिटरने निष्काळजीपणे गार्ड काढून ठेवला." "ऑपरेटरने हलगर्जीपणा केला." आधी कोणीच नव्हतं, आता आरोपी आला. निष्काळजीपणे, मुद्दाम, बेजबाबदारपणे, साधी खबरदारीही न घेता, हे सगळे शब्द काढून टाका. ते कॅमेऱ्यात दिसत नाहीत. उलट बाजूचे 'चुकून', 'अनवधानाने', 'नकळत' हेही काढा. ते लिहिणाऱ्याला प्रिय असलेल्या माणसांच्या वाट्याला येतात.

माझी कसोटी अशी: वाक्यातली कृती पाहणाऱ्या तिऱ्हाइताला दिसली असती का? "पाळी सोडताना सुपरवायझरांनी रजिस्टरमध्ये 'लाइन २ ठीक' लिहिले" हे दिसतं. "सुपरवायझरांनी जबाबदारी झटकली" हे दिसत नाही.

आणि हो, 'सुपरवायझरांनी'. आदरार्थी अनेकवचनामुळे एक की दोन ते कळत नाही. पाळी बदलताना तर दोघेही तिथेच असतात. म्हणून प्रत्येक माणसाला एकच ठरलेली ओळख द्या, 'पहिल्या पाळीचे सुपरवायझर', आणि शेवटपर्यंत तीच वापरा. पुढे कुठे 'सदर अधिकारी', कुठे 'इन्चार्ज' असं बदललंत की एकाचे तीन होतात. अहवालात हुद्दा लिहायचा की नाव, हे तुमच्याकडच्या नियमाप्रमाणे ठरवा. हुद्दा लिहिलात तर कोणत्या हुद्द्याखाली कोण, याचा वेगळा कागद जपून ठेवा.

## ८. शेवटची दोन वाक्यं

"संबंधितांना समज देण्यात आली आहे." मी विचारलं, कोणी दिली? अहवाल लिहिणारे म्हणाले, दिली असेल. कोणाला? थोडा वेळ शांतता. अखेर निष्पन्न झालं की कोणीच कोणाला काही बोललं नव्हतं. ते वाक्य प्रत्येक अहवालात असतं, म्हणून इथेही होतं. अशा वाक्याला कर्ता देता येत नाही. ते काढून टाकायचं.

"योग्य ती काळजी घेतली जाईल" याच्या जागी कोण, काय आणि कधीपर्यंत हे लिहा. ज्याचं नाव घालताय त्याला आधी विचारा. त्याला न सांगता त्याच्या नावावर मुदत टाकणं हाही एक प्रकारचा खोटेपणाच.

## दुरुस्तीनंतरचा अहवाल

> दि. १२ रोजी दुपारी २.३५ वाजता पहिल्या पाळीच्या फिटरने कन्व्हेअर क्र. २ पॅनलवरून बंद केला (पॅनलची नोंद, फिटरचा जबाब). पट्टा ताणण्यासाठी त्याने मागच्या रोलरचा गार्ड काढला. त्याने आयसोलेटर बंद केला नाही, कुलूप व फलक लावला नाही (फिटरचा जबाब). विभागातील दोन्ही कुलपे त्या वेळी लाइन ४ वर होती (कुलपांचे रजिस्टर). आणखी ६ कुलपांचे मागणीपत्र देखभाल प्रमुखांनी मागील महिन्याच्या ३ तारखेला दिले होते; घटनेच्या दिवसापर्यंत प्लांट मॅनेजरांनी त्यावर सही केली नव्हती (मागणीपत्राची प्रत).
>
> २.५० च्या सुमारास फिटर बोल्ट आणण्यासाठी स्टोअरला गेला. काम अपुरे असल्याचे त्याने कोणाला सांगितले नाही (फिटरचा जबाब). पहिल्या पाळीच्या सुपरवायझरांनी लाइन न पाहता हँडओव्हर रजिस्टरमध्ये 'लाइन २ ठीक' असे लिहिले (रजिस्टर, सुपरवायझरांचा जबाब).
>
> ३.०६ वाजता दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने लाइन सुरू केली (पॅनलची नोंद, मस्टर, ऑपरेटरचा जबाब). त्याने रजिस्टर वाचले होते. मागची बाजू पाहिली नव्हती (ऑपरेटरचा जबाब). मागच्या रोलरजवळ अडकलेली पॅकिंगची पट्टी काढण्यास त्याने हेल्परला सांगितले. मशीन बंद करण्याबद्दल दोघांत बोलणे झाले नाही (दोघांचे जबाब). ३.१० च्या सुमारास हेल्परने चालू मशीनवर पट्टीकडे हात नेला. त्याचा हातमोजा पट्टा व रोलर यांमध्ये ओढला गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना दुखापत झाली. त्याला ३.२० वाजता दवाखान्यात नेण्यात आले.
>
> पुढील कृती: देखभाल प्रमुख २० तारखेपर्यंत ६ कुलपे विभागात आणतील. दोन्ही पाळ्यांचे सुपरवायझर १५ तारखेपासून लाइनजवळ उभे राहून हँडओव्हर करतील व दोघेही सही करतील.

'दवाखान्यात नेण्यात आले' तसंच आहे. कोणी नेलं याने इथे काही फरक पडत नाही. नेण्यात उशीर झाला असता तर पडला असता, आणि मग तिथेही माणूस लागला असता.

## ९. पाठवण्याआधी ज्याचं त्याला वाचून दाखवा

ज्या ज्या माणसाबद्दल वाक्य आहे त्याला ते वाक्य दाखवा. "मान्य आहे का?" असं विचारू नका, "यात काही चुकीचं आहे का?" असं विचारा. चुकीचं असेल तर पुरावा घ्या आणि बदला. फक्त बोचत असेल तर बदलू नका. आमच्या फिटरने त्याचा परिच्छेद दोनदा वाचला आणि विचारलं, "कुलपांचं पण लिहिलंय ना?" लिहिलं होतं. त्याने सही केली.

अडचण खालून येत नाही, हा माझा अनुभव. 'करण्यात आले' हुद्द्याबरोबर वाढत जातं. हेल्परने 'हात घातला', फिटरने 'काढला', सुपरवायझरांनी 'नोंद केली', आणि त्याच्या वर गेलं की सगळं 'प्रक्रियेत असते'. हा अहवाल वर गेला तेव्हा एकाच वाक्यावर खूण होऊन परत आला: 'सही केली नव्हती' ऐवजी 'मागणी प्रक्रियेत होती' असे लिहावे.

अशा वेळी वाद घालत बसू नका, तारखा लिहा. मी ते वाक्य असं केलं: "६ कुलपांचे मागणीपत्र देखभाल प्रमुखांनी मागील महिन्याच्या ३ तारखेला दिले. ते त्याच महिन्याच्या ४ तारखेला प्लांट मॅनेजरांच्या कार्यालयात पोचले (आवक नोंद). त्यावर सही चालू महिन्याच्या १४ तारखेला, घटनेनंतर दोन दिवसांनी झाली." सही कोणाची हे मागणीपत्राच्या प्रतीवरच दिसत होतं. ती प्रत मी अहवालाला जोडली, आणि त्या वाक्यावर पुन्हा खूण आली नाही.